उठून गेलेल्यांचा हिशेब

गोष्ट ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा, हा आपल्याकडचा जुना नियम. आजी गोष्ट सांगताना मधेच थांबायची आणि अंधारातून ‘हं’ आला नाही की समजायची, पोर झोपलं. छत्तीसगढात हे काम पंडवानीतल्या रागीकडे असतं. तीजनबाईंसारखी गायिका भीमाची कथा सांगते आणि शेजारी बसलेला रागी ‘हां, हां’ म्हणत, मधेच एखादा प्रश्न विचारत, समोरच्या सगळ्या माणसांच्या वतीने तिला साथ देतो. सांगणाऱ्याला ऐकणाऱ्याची खूण लागते, ही गोष्ट माणसाने फार पूर्वीच ओळखली होती.

आता त्या खुणेची जागा एका रेघेने घेतली आहे. यूट्यूबवर व्हिडिओ टाकणाऱ्याला स्टुडिओ नावाच्या पानावर एक आलेख दिसतो. आडव्या रेषेवर व्हिडिओची सेकंदं, उभ्या रेषेवर टक्के. सुरू झालेल्या प्रत्येक शंभर वेळांपैकी अमुक सेकंद किती वेळा पाहिला गेला, एवढंच तो सांगतो. रेघ बहुधा डावीकडून उजवीकडे उतरत जाते. जिथे ती घसरते तिथे माणसं उठून गेली, असं वाचायचं. हुंकार हा ऐकत असलेल्याचा असतो. ही रेघ मात्र घसरते ती ऐकणं सोडून गेलेल्यांमुळे, आणि करणाऱ्याची नजर तिथेच जाते. या वाचनात काय काय दडलेलं असतं आणि ते वाचून काही करण्याचा आपल्याला कितपत हक्क आहे, याचा विचार मी गेले काही महिने करतो आहे. निमित्त रायपूरच्या गोल बाज़ारचं.

माझी पुतणी गोल बाज़ारातल्या वस्तूंवर छोटे व्हिडिओ करते. हिंदी आणि छत्तीसगढी अशा मिश्र भाषेत ती बोलते, लिहून द्यायचं काम कधी कधी माझ्याकडे येतं. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या रायपूरचं, मराठी फक्त उंबऱ्याच्या आत. गोल बाज़ार ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: शहराच्या पोटातला हा जुना बाजार, मालवीय रोडला लागून. पूजेचं सामान, मसाले, जडीबुटी, बांगड्या आणि मुख्य म्हणजे लग्नाचं साहित्य घ्यायला आसपासच्या गावांतून माणसं इथे येतात. अक्तीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या आधी पोरांच्या बाहुला-बाहुलीच्या लग्नासाठी मातीचे पुतरा-पुतरी इथे मांडलेले असतात.

पुतणीचा एक व्हिडिओ लग्नाच्या सामानावर होता. लांबी चाळीस सेकंद. पहिली तीन सेकंदं नमस्काराची. नवव्या सेकंदापर्यंत गल्लीतून चालणं. नऊ ते बावीस, पर्रा कसा पारखायचा. पर्रा म्हणजे बांबूच्या काड्यांचं उथळ, गोल ताट. त्याचा काठ बोटाने दाबून बघायचा. काड्यांची टोकं नीट आत वळवून बांधलेली असली तर टोचत नाहीत. बावीस ते सत्तावीस, पडद्यावर यादी: पर्रा, बिजना, मौर, करसा, हळद वगैरे. बिजना म्हणजे आपला जुना विंझणा. मौर म्हणजे शिंदीच्या पानांचं बाशिंग. सत्तावीस ते बत्तीस, बांबूकाम करणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंचे हात. त्या काही बोलत नाहीत, पुतणीही बोलत नाही, फक्त काडीखालून काडी जाते. मग दुकानाचा पत्ता, आणि शेवटची तीन सेकंदं निरोपाची.

दोन दिवसांनी आलेख आला. आकडे सोयीसाठी गोल करून देतो. तिसऱ्या सेकंदाला सत्तर. नवव्याला अठ्ठावन्न. पर्रा पारखताना रेघ जवळपास सपाट, बाविसाव्याला बावन्न. यादीवर ती चक्क वर चढली, एकसष्ट. हातांवर धाडकन चाळीसवर आली. पत्त्याला छत्तीस, निरोपाला बावीस.

पुतणी म्हणाली, “काका, हात काढून टाकू या. पाच सेकंदांत एकवीस टक्के माणसं गेली.”

तिचं वाचन चुकीचं म्हणता येणार नाही. सगळे असंच वाचतात. पण रेघ वर कशी चढली, हे आधी विचारायला हवं. गेलेली माणसं परत आली म्हणून रेघ चढत नाही. असलेल्यांपैकी काहींनी बोटाने व्हिडिओ मागे ओढून तोच तुकडा पुन्हा पाहिला, की त्या सेकंदांची मोजणी दुप्पट होते. म्हणजे यादीवर साधारण बावन्नच होते, वरचे नऊ हे दुसऱ्यांदा पाहण्याचे. मग हातांवर झालेली खरी घट एकसष्टवरून नव्हे, बावन्नवरून मोजायला हवी. ती बारा होते. उंचवट्यानंतरची उतरण नेहमी असते त्याहून मोठी दिसते.

त्या बारांचंही तसंच. नमस्काराच्या तीन सेकंदांत शंभरातले तीस गेले होते. पण ते व्हिडिओवर नाराज होऊन गेले असं म्हणायला आधार नाही. अंगठ्याखाली जे आलं ते त्यांना नकोच होतं, एवढंच. सत्ताविसाव्या सेकंदाला उरलेले बावन्न हे वेगळेच लोक होते. गल्ली चालून, पर्ऱ्याचा काठ दाबून, यादीपर्यंत आलेले. त्यांतले बहुतेक लग्नघरचे असणार. त्यांनी यादी दोनदा पाहिली, कदाचित फोटो काढून ठेवला, आणि निघाले. ज्यासाठी आले होते ते मिळालं. बाजारात पिशवी भरल्यावर माणूस घरी जातो, तेव्हा दुकानदार त्याला नाराज गिऱ्हाईक म्हणत नाही.

अर्थात हा माझा तर्क. उंचवट्याचा दुसरा अर्थही तितकाच शक्य होता: यादी फार झरझर गेली, वाचता आली नाही, म्हणून लोकांना मागे जावं लागलं. आवडीने पुन्हा पाहणं आणि न कळल्यामुळे पुन्हा पाहणं, दोन्हींचा उंचवटा सारखाच दिसतो. तसंच समाधानाने जाणं आणि कंटाळून जाणं यांची उतरणही सारखीच. रेघेला ‘कुठे’ माहीत असतं, ‘का’ माहीत नसतं. ‘का’ हवं असेल तर एकच गोष्ट बदलून पुन्हा टाकून बघावं लागतं.

पुतणीने तेच केलं. दुसऱ्या आवृत्तीत हात काढले, बाकी सगळं तसंच. आता यादीनंतर थेट दुकानाचा पत्ता. आलेख आला तेव्हा यादीवरचा उंचवटा जागेवर होता आणि उतरणही यादीच्या लगेच पुढेच होती. या खेपेला ती पत्त्यावर पडली होती. माणसं हातांमुळे जात नव्हती. यादी झाली म्हणून जात होती. पहिल्या खेपेला ज्याच्या त्याच्या जाण्याचा दोष त्या म्हाताऱ्या हातांच्या माथी आला होता, कारण दाराशी ते बसले होते.

हा प्रयोग निर्णायक आहे असा माझा दावा नाही. व्हिडिओ दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या लोकांपुढे गेला. पाहणारे थोडे असतील तर पाच-दहा माणसांच्या लहरीने रेघ हलते. शिवाय सगळे पाहणारे एका जातीचे नसतात. ‘छत्तीसगढी लग्नाचं सामान’ असं शोधून आलेला माणूस आणि अंगठा वर सारताना वाटेत सापडलेला माणूस यांचा सरासरी पाहण्याचा वेळ स्टुडिओत वेगवेगळा बघता येतो, आणि तो बघितल्याशिवाय एकत्र केलेल्या रेघेवर निकाल देऊ नये. पण इतकं मात्र कळलं, की उतरण जिथे दिसते तिथेच तिचं कारण असतं असं नाही.

इथपर्यंतचा प्रश्न नीट वाचण्याचा होता. खरा पेच पुढे आला.

पुतणीला आता कळलं होतं की लोक यादीसाठी थांबतात. मग तिसऱ्या आवृत्तीसाठी सरळ उपाय समोर होता: यादी शेवटी न्यायची. सुरुवातीलाच म्हणायचं, ‘शेवटी पूर्ण यादी देते.’ मधे हात, मधे पत्ता, आणि अडतिसाव्या सेकंदाला यादी, तीही इतकी भराभर की एका नजरेत वाचता येऊ नये. निरोप काढून टाकायचा, कारण निरोपाचा सूर लागला की माणसं निघतात. शेवटचं वाक्य अर्धवट सोडून ते पहिल्या वाक्याला जोडायचं, म्हणजे व्हिडिओ गोल फिरत राहतो आणि तो संपला हे पाहणाऱ्याला कळेपर्यंत दुसरी फेरी सुरू झालेली असते. अशा वेळी सरासरी शंभर टक्क्यांच्या वर जाते, म्हणजे चाळीस सेकंदांचा व्हिडिओ सरासरी चाळीसहून जास्त सेकंद पाहिला गेला असं दिसतं. हे सगळे उपाय या धंद्यात रोजचे आहेत, आणि ते चालतात.

ते चालतील तेव्हा रेघ सपाट होईल. पण पर्रा पारखतानाही रेघ सपाटच होती. एकीकडे माणूस बसला होता, कारण त्याला जे चाललं होतं ते हवं होतं. दुसरीकडे तो अडकून राहील, कारण त्याला हवं ते आपण पुढे सरकवलं. आलेखावर या दोन सपाटींत केसाचाही फरक दिसणार नाही. मला वाटतं, या विषयातला नैतिक प्रश्न नेमका इथे आहे. व्हिडिओ बदलणं वाईट नाही. नमस्काराची तीन सेकंदं कापून थेट पर्ऱ्यावर येणं म्हणजे पाहणाऱ्याच्या वाटेतला दगड उचलणं. यादी शेवटी नेणं म्हणजे वाटेत दगड ठेवणं. पहिल्याने रेघ सुधारते, दुसऱ्यानेही सुधारते. म्हणून रेघ सुधारली हे कोणत्याही बदलाचं समर्थन होऊ शकत नाही. ते दुसरीकडून आणावं लागतं.

कुठून आणावं? मला एक साधी कसोटी सापडली. हा बदल मी का केला, हे पाहणाऱ्याला त्याच व्हिडिओत सांगता येईल का? ‘नमस्कार काढला, कारण तुमचा वेळ वाचावा’ हे सांगता येतं. ‘यादी मोठ्या अक्षरांत दिली, कारण तुम्हाला मागे जावं लागत होतं’ हेही सांगता येतं. ‘यादी शेवटी टाकली, म्हणजे तुम्हाला जाता येऊ नये’ हे सांगता येत नाही. सांगितलं की उपाय निकामी होतो. जी युक्ती फक्त लपून राहिली तरच चालते, तिच्यात समोरच्याला आपण माणूस म्हणून धरलेलं नसतं.

यावर गोल बाज़ारातून एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. दुकानदारही गिऱ्हाईकाला थांबवतोच की. चहा मागवतो, आणखी दोन नग उलगडतो, ‘बस, देख तो लो’ म्हणतो. खरं आहे. पण दुकानदार समोर असतो. त्याची युक्ती गिऱ्हाईकाला दिसते, गिऱ्हाईकाचा कंटाळा त्याला दिसतो, आणि दोघांमध्ये थोडी लाज असते. उद्या हेच गिऱ्हाईक याच गल्लीतून जाणार असतं. याच बाजारात ‘माझ्याकडे नाही, दोन दुकानं पुढे मिळेल’ असं सांगणारेही आहेत. त्यांच्या दुकानातला थांबण्याचा वेळ मोजला तर तो सर्वांत कमी भरेल. तरी माणसं पुढल्या लग्नाला आधी त्यांच्याकडेच डोकावतात.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. ही कसोटी परवडते कोणाला? रायपूर जिल्ह्यातलं तुलसी गाव यूट्यूबचं गाव म्हणून ओळखलं जातं. सुमारे 4,000 वस्तीतली हजारेक माणसं व्हिडिओंच्या कामात कुठल्या ना कुठल्या प्रकारे आहेत असं गावकरी सांगतात, आणि 2023 मध्ये सरकारने तिथे स्टुडिओही उभा करून दिला. शेतीच्या जोडीला ज्या घरात या कामाचा पैसा येतो, तिथे रेघ म्हणजे पीक. यूट्यूबने 2012 मध्येच किती जणांनी उघडला याऐवजी किती वेळ पाहिला याला वजन द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून पाहणारा टिकवणं हे सुचवलं जाण्याचं एक मोठं कारण झालं. आणि छोट्या व्हिडिओंच्या बळावर जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा हवा असेल तर 1,000 सदस्यांबरोबर 90 दिवसांत 1 कोटी वेळा पाहिलं जाण्याची अट आहे. ती अट डोक्यावर असलेल्या पोराला ‘दगड ठेवू नकोस’ असं सांगणं हे पोटभर जेवलेल्याने उपासाचं महत्त्व सांगण्यासारखं आहे. पुतणीचं घर व्हिडिओंवर चालत नाही, म्हणून आमच्या घरात ही चर्चा होऊ शकली. दोषाचा मोठा वाटा म्हणूनच मी रेघ वाचणाऱ्याला देत नाही. रेघेवर भाकरी टांगणाऱ्या व्यवस्थेला देतो. पण वाटा मोठा असला तरी सगळा नाही. यादी कुठे ठेवायची हे शेवटी कोणाचा तरी हात ठरवतो.

आणि एक माणूस या आलेखात कुठेच नव्हतं: त्या बांबूकाम करणाऱ्या बाई. आलेख पाहणाऱ्यांचा असतो. ज्यांना पाहिलं जातं त्यांची त्यात ओळ नसते. त्यांनी आपल्या कामाच्या वेळातली अर्धी दुपार आम्हाला दिली होती, काडी कशी सोलायची ते तीनदा करून दाखवलं होतं, आणि त्यातली पाच सेकंदं आम्ही घेतली होती. ती पाच काढायची की ठेवायची हे शंभर अनोळखी अंगठे ठरवणार, आणि बाईंना विचारायचं कोणाच्या मनातही येणार नाही, हे मला खुपत होतं.

पुतणीने विचारलं मात्र. पुढच्या खेपेला गेली तेव्हा तिने फोन दाखवून आलेख समजावून सांगितला. बाईंनी आधी विचारलं, “मोला कोनो देखथे का?” मला कोणी बघतं का? पुतणी जरा ओशाळून म्हणाली की इथे येईपर्यंत शंभरातले चाळीसच उरतात. बाई हसल्या. “चालीस झन? अतका झन तो मोर तीर कभू नइ बइठिन.” एवढी माणसं तर माझ्याजवळ कधी बसलीच नाहीत.

त्या एका वाक्याने आलेख उलटा वाचला गेला. आम्ही वरून खाली वाचत होतो, शंभरातून किती गेले. बाईंनी खालून वर वाचलं, शून्यापासून किती बसले. दोन्ही वाचनं त्याच रेघेची. पण पहिल्यात शंभर हा आपला हक्क धरलेला असतो आणि प्रत्येक जाणारा आपलं काही घेऊन गेलेला असतो. दुसऱ्यात कोणीच आपला बांधील नसतो. जो पाच सेकंदं थांबला त्याने ती दिलेली असतात. मला हे दुसरं वाचन वस्तुस्थितीच्या अधिक जवळचं वाटतं. पाहणाऱ्याचा वेळ आधी त्याचा असतो.

तिसरी आवृत्ती पुतणीने स्वतः ठरवली. नमस्कार काढला. यादी चौथ्या सेकंदालाच दिली, मोठ्या अक्षरांत, सात सेकंदं स्थिर. मग पर्ऱ्याची पारख. मग पत्ता. आणि हात सर्वांत शेवटी, आवाजाशिवाय, पाचांऐवजी आठ सेकंदं. ज्याला सामान घ्यायचं आहे त्याने यादी घ्यावी आणि जावं. ज्याला थांबायचं आहे त्याने थांबावं. आलेख अपेक्षेप्रमाणेच आला. अकराव्या सेकंदानंतर मोठी उतरण, जी पाहून कोणताही जाणकार कपाळाला हात लावील. व्हिडिओ आधीच्या दोन्हींपेक्षा कमी लोकांपुढे गेला, त्याची किंमत तिने मोजली आणि कुरकुर केली नाही. शेवटच्या आठ सेकंदांत रेघ शंभरातल्या एकोणिसांवर होती, आणि त्या आठांत ती जवळजवळ हलली नाही.

त्या एकोणिसांना काय वाटलं हे रेघ सांगणार नाही. ती आवाज न करणाऱ्यांचा हुंकार मोजू शकत नाही. जाणाऱ्यांबद्दलही तिला अर्धंच माहीत असतं. आपल्याकडे घरातून निघणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो, आणि घरचेही त्याला तसंच समजून निरोप देतात. आलेखाच्या भाषेत ‘येतो’ हा शब्द नाही. कितीजण पुन्हा फिरकले याचा वेगळा आकडा स्टुडिओ देतं, पण तो या रेघेवर दिसत नाही, आणि दिसला तरी कोण कशासाठी परतला ते त्यातून कळणार नाही. म्हणून रेघ वाचावी, जरूर वाचावी. यादी वाचता येत नव्हती हे तिच्यामुळेच कळलं. पण उतरण दिसली की आधी एवढं विचारावं: हा माणूस रिकाम्या हाताने गेला, की हातात काही घेऊन? दुसरं असेल तर त्याची वाट अडवू नये.